डक्टमधून ब्रॉडबँड केबल न्यायची आहे? सोसायटीच्या कमिटीला अर्ज असा करा

इंटरनेटच्या केबलसाठी कमिटीकडे येणारे बहुतेक अर्ज दोन ओळींचे असतात. ‘मला नवीन कनेक्शन घ्यायचे आहे, तरी डक्टमधून केबल नेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.’ बैठकीत अर्ज वाचला जातो आणि प्रश्न सुरू होतात. कुठल्या डक्टमधून? भोक कुठे पाडणार? उद्या कनेक्शन बंद केलं तर ती केबल कोण काढणार? अर्जात यातल्या कशाचंच उत्तर नसतं, म्हणून तो पुढच्या बैठकीवर जातो आणि अर्जदाराला वाटतं की कमिटी मुद्दाम अडवतेय.

सोसायटीचं सचिवपद मी सांभाळलं आहे आणि सदस्य म्हणून असा अर्जही केला आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर मला असं दिसतं की कमिटीचा विरोध सहसा इंटरनेटला नसतो. सामाईक जागेत नेमकं काय होणार आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे कळत नसतं, त्याला तो विरोध असतो. ही माहिती अर्जात असेल तर होकार द्यायला कमिटीला फार वेळ लागत नाही. ती माहिती कशी गोळा करायची आणि कागदावर कशी मांडायची, ते इथे एक उदाहरण घेऊन सांगतो.

डक्ट म्हणजे नेमका कुठला?

इमारतीत ‘डक्ट’ एकच नसतो. बाथरूमच्या मागे उभा मोकळा भाग असतो, त्यात ड्रेनेजचे आणि पाण्याचे पाइप असतात. जिन्याजवळ किंवा मीटरच्या रांगेवर प्रत्येक मजल्याला दार असलेला विजेचा डक्ट असतो. बऱ्याच इमारतींत लिफ्टच्या बाजूला एक अरुंद डक्ट इंटरकॉम, टीव्ही आणि टेलिफोनच्या तारांसाठी ठेवलेला असतो. काही ठिकाणी आगीच्या वेळी वापरायची पाण्याची लाइनही वेगळ्या डक्टमधून जाते.

केबल टाकायला येणारा मुलगा यातला तुमच्या दाराला सर्वांत जवळचा डक्ट सुचवतो, आणि तो बहुतेक वेळा विजेचा असतो. तिथेच थांबा. राष्ट्रीय इमारत संहितेच्या अग्निसुरक्षेच्या भागात स्पष्ट म्हटलं आहे की विजेच्या केबलच्या डक्टमध्ये टेलिफोन, इंटरकॉम, पाणी, गॅस किंवा दुसरी कुठलीही लाइन टाकू नये. तो डक्ट प्रत्येक मजल्याला न जळणाऱ्या साहित्याने बंद असावा, असंही त्यात आहे. कारण साधं आहे. उभा मोकळा डक्ट आगीच्या वेळी धुराड्यासारखा वागतो आणि खालच्या मजल्यावरचा धूर थोड्याच वेळात वर पोहोचतो.

‘फायबरमध्ये वीज नसते, मग काय बिघडतं?’ असा युक्तिवाद होतो. काचेच्या तंतूतून फक्त प्रकाश जातो, हे खरं. पण बाहेर टांगण्यासाठी बनवलेल्या ड्रॉप केबलमध्ये बऱ्याचदा स्टीलची तार असते, आणि स्टीलमधून वीज वाहते. शिवाय काही ठिकाणी अजूनही गच्चीवर इंटरनेट वाटून देणारा स्विच बसवून तिथून तांब्याची लॅन वायर घरात आणतात. ती विजेच्या केबलला लागून नेणं धोक्याचंच. त्यामुळे इमारतीत दूरसंचाराचा डक्ट असेल तर अर्ज त्याच डक्टसाठी करा, जरी त्यासाठी लॉबीत चार-पाच मीटर केबल जास्त लागली तरी.

ड्रेनेजच्या डक्टमधून न्यायची वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. तिथे उंदीर असतात, आणि प्लंबर पाइप बदलायला उतरला की मध्ये येणारी तार सरळ बाजूला ओढतो. तिथे उघडी केबल टिकत नाही. २० किंवा २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून ती न्यावी लागते, आणि तो पाइप भिंतीला धरायचा, ड्रेनेजच्या पाइपाला बांधायचा नाही.

अर्ज लिहिण्याआधी मार्ग चालून पाहा

समजा बी विंग सात मजल्यांची आहे आणि आपला फ्लॅट ५०३, पाचव्या मजल्यावर. कंपनीची पेटी गच्चीवर लिफ्ट रूमच्या भिंतीला आहे. विजेचा डक्ट ५०३ च्या दाराला लागूनच आहे आणि इंटरकॉमचा डक्ट लॉबीच्या पलीकडच्या टोकाला. टेक्निशियन म्हणतो, ‘दादा, इथून सरळ टाकतो, अर्ध्या तासात होईल.’ आपण पलीकडचा डक्ट निवडतो.

आता टेप घेऊन वरून खाली यायचं. गच्चीवर पेटीपासून डक्टच्या तोंडापर्यंत भिंतीच्या कडेने १४ मीटर. तिथून पाचव्या मजल्यावरच्या डक्टच्या दारापर्यंत उभं अंतर सुमारे ७ मीटर, कारण सातवा आणि सहावा असे दोन पूर्ण मजले ओलांडायचे आहेत आणि एक मजला साधारण ३ मीटरचा आहे. लॉबीत छताच्या कडेने ९ मीटर. घरात राउटरपर्यंत ५ मीटर. एकूण ३५ मीटर, आणि दोन्ही टोकांना गुंडाळून ठेवायला मिळून ३ मीटर. म्हणजे केबल ३८ मीटर.

चालताना प्रत्येक मजल्यावर डक्टचं दार उघडून आत टॉर्च मारा आणि फोटो काढा. स्लॅबमध्ये आधीपासून मोकळी खाच आहे का? ती सिमेंटने किंवा सीलंटने बंद केली आहे का? आत बंद पडलेल्या जुन्या केबल किती लटकतायत? आमच्याकडे अशीच पाहणी करताना सहाव्या मजल्यावर डक्टच्या दारासमोर एकांचं चपलांचं कपाट सापडलं. ते हलवल्याशिवाय दारच उघडत नव्हतं. असं काही असेल तर त्या शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या, कामाच्या दिवशी वाद नको.

पाहणीत तीन गोष्टी खास तपासायच्या. पहिली, नवीन भोक कुठे लागणार. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना ड्रिल लावायचं नाही. डक्टची जुनी खाच वापरायची आणि नवीन भोक फक्त आपल्या दारावरच्या विटांच्या भिंतीत पाडायचं. दुसरी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. गच्चीच्या जमिनीत किंवा कठड्याच्या माथ्यावर स्क्रू नको, क्लिपा उभ्या भिंतीलाच लावायच्या. तिसरी, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाची खाली येणारी पट्टी. केबल तिला बांधायची नाही आणि तिच्या जवळूनही न्यायची नाही.

या पाहणीतून एक साधी आकृती तयार होते. गच्ची, सातवा, सहावा, पाचवा अशा चार आडव्या रेषा, त्यातून खाली येणारी केबलची रेघ आणि बाजूला अंतरं. हाताने काढली तरी चालते. बैठकीत लांबलचक पत्रापेक्षा ही आकृती आणि तीन-चार फोटो जास्त उपयोगी पडतात, कारण सगळे एकाच गोष्टीकडे बघत बोलतात.

कंपनीला विचारायचं काय

दोनच गोष्टी विचारा, पण उत्तर लेखी घ्या. मेसेजवर मिळालं तरी पुरे.

पहिली गोष्ट म्हणजे केबलचा प्रकार. इमारतीच्या आतल्या भागासाठी स्टीलऐवजी एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या, काड्या असलेली आणि एलएसझेडएच आवरणाची केबल मागा. हे आवरण जळताना धूर कमी सोडतं आणि पीव्हीसीसारखा घातक वायू त्यातून निघत नाही. आतला तंतू जी.६५७ प्रकारचा असावा, तो वळणाला जास्त सहनशील असतो. ही नावं केबलच्या अंगावर इंग्रजी अक्षरांत छापलेली असतात आणि मीटरचे आकडेही असतात, त्यामुळे काम सुरू होण्याआधी ती वाचून पडताळता येतात.

दुसरी गोष्ट, गच्चीवरची पेटी विजेवर चालते का. एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा स्प्लिटर असेल तर त्याला वीज लागत नाही. स्विच असेल तर लागते, आणि ती सोसायटीच्या सामाईक मीटरवरून घेतली जात असेल तर कमिटी तो प्रश्न काढणारच. उत्तर हाताशी ठेवा.

अर्जाचा मसुदा

अर्ज सदस्याच्या नावाने जायला हवा. भाडेकरू राहत असेल तर मालकाची सही किंवा संमतिपत्र जोडा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. वरच्या उदाहरणासाठी मजकूर असा होईल:

> प्रति,
> मा. सचिव,
> ______ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
>
> विषय: फ्लॅट क्र. बी-५०३ साठी ब्रॉडबँडची फायबर केबल इंटरकॉमच्या सामाईक डक्टमधून नेण्यास परवानगी मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी बी-५०३ चा सदस्य असून घरी ______ या कंपनीचे फायबर कनेक्शन घेणार आहे. त्यासाठी एक केबल गच्चीवरील कंपनीच्या पेटीपासून माझ्या फ्लॅटपर्यंत आणावी लागेल.
>
> मार्ग: गच्चीवर भिंतीच्या कडेने १४ मीटर, लिफ्टशेजारील इंटरकॉम डक्टमधून पाचव्या मजल्यापर्यंत ७ मीटर आणि लॉबीत छताच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून ९ मीटर. विजेच्या डक्टचा वापर होणार नाही. आकृती व फोटो सोबत जोडले आहेत.
>
> केबल: धातूची तार नसलेली, कमी धूर सोडणाऱ्या आवरणाची, एक तंतूची फायबर केबल. गच्चीवरील पेटीला विजेची गरज नाही. कंपनीचा तसा लेखी खुलासा जोडला आहे.
>
> बांधकाम: कॉलम, बीम व स्लॅब यांना भोक पाडले जाणार नाही. डक्टमधील सध्याची खाच वापरली जाईल. नवीन भोक फक्त माझ्या दारावरील विटांच्या भिंतीत असेल. काम करताना मजल्यांवरील सील निघाल्यास ते त्याच दिवशी अग्निरोधक सीलंटने माझ्या खर्चाने बंद करून देईन.
>
> जबाबदारी: या कामामुळे सामाईक मालमत्तेचे किंवा इतर सदस्यांच्या तारांचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च मी देईन. सोसायटीच्या दुरुस्तीसाठी केबल हलवावी लागल्यास ७ दिवसांची सूचना मिळताच मी ती हलवून घेईन. तातडीच्या दुरुस्तीत सूचनेची अट राहणार नाही. कनेक्शन बंद केल्यास ३० दिवसांत केबल गच्चीपासून फ्लॅटपर्यंत पूर्ण काढून घेईन.
>
> काम सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत, सोसायटीने नेमलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत करण्याची माझी तयारी आहे. तरी येत्या बैठकीत हा विषय घेऊन लेखी परवानगी द्यावी, ही विनंती. काही अटी असल्यास त्या कळवाव्यात.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, सही, दिनांक)
>
> सोबत: मार्गाची आकृती, फोटो, कंपनीचा खुलासा.

यात ‘माझा हक्क आहे’ हे वाक्य कुठेच नाही, आणि ते मुद्दाम गाळलं आहे. डक्ट सामाईक आहे, त्यामुळे त्यात तुमचा वाटा आहे तसाच इतरांचाही आहे. जबाबदारीचा परिच्छेद मात्र गाळू नका. कमिटीतली माणसं बिनपगारी काम करतात, आणि चार वर्षांनी एखाद्या केबलवरून भांडण झालं तर दाखवायला त्यांच्या हातात कागद लागतो. सात आणि तीस दिवसांच्या मुदती नियमातल्या नाहीत, आपण स्वतः दिलेल्या आहेत. तुम्हाला जमतील त्याच लिहा.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि दुसरीवर पोच घ्या: सही, शिक्का, तारीख. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला अर्ज बैठकीच्या विषयपत्रिकेवर येत नाही, उलट ग्रुपवरच त्याची चर्चा भलतीकडे जाते.

बैठकीत काय विचारतील

बोलावलं तर जा. नेहमीचा प्रश्न असतो, ‘तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील.’ हा प्रश्न रास्त आहे. सात मजल्यांच्या विंगमध्ये प्रत्येकाने आपापली तार सोडली तर काही वर्षांत डक्टचं दार बंद होणार नाही. याला उत्तर म्हणून तुम्ही पर्याय सुचवू शकता. त्या डक्टमधून सोसायटीने एकदाच २५ मिलिमीटरचा पाइप गच्चीपासून तळमजल्यापर्यंत टाकावा, प्रत्येक मजल्यावर एक जंक्शन बॉक्स ठेवावा आणि पुढच्या सगळ्या फायबर त्यातूनच जाव्यात. ड्रॉप केबल साधारण २ बाय ३ मिलिमीटरची असते, त्यामुळे अशा एका पाइपात बऱ्याच मावतात. मात्र तो ठासून भरू नये, नाहीतर नवीन ओढताना जुन्या केबल तुटतात. किंवा कंपनीलाच सांगावं की प्रत्येक घरासाठी वेगळी तार आणण्याऐवजी एक जास्त तंतूंची केबल खाली आणून मजल्यावर पेटी बसवा.

दुसरा प्रश्न आगीचा. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. ज्या इमारतींना हे लागू आहे तिथल्या सचिवाच्या डोक्यात ते सतत असतं. म्हणून अर्जातलं सीलंटचं वाक्य त्यांना वाचून दाखवा. सीलंट अग्निरोधकच हवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा पियू फोम स्वतःच पेट घेतो. सिमेंटने केबलभोवती पक्कं बुजवलं तर ती पुढे फोडल्याशिवाय निघत नाही.

तिसरा, सहसा उघडपणे न विचारलेला मुद्दा म्हणजे आधीच्या कंपनीशी असलेलं साटंलोटं. ‘आपल्याकडे अमुकचंच नेट आहे, तेच घ्या’ असं तोंडी सांगितलं जातं. वाद न घालता एवढंच म्हणा की नकार असेल तर तो कारणासह लेखी द्यावा. तांत्रिक कारण असेल तर त्यावर मार्ग काढता येतो, आणि कारण नसेल तर ते लिहिताना अडखळायला होतं. उपविधींप्रमाणे कमिटीची बैठक महिन्यातून किमान एकदा होणं अपेक्षित आहे. तेव्हा महिना उलटला तर पोच जोडून एक स्मरणपत्र द्या, आणि तरीही हालचाल नसेल तर विषय सर्वसाधारण सभेत घेण्याची लेखी मागणी करा. परवानगी मिळाली तर तिची नोंद इतिवृत्तात आहे ना, हे पाहा; कमिटी बदलली की तोंडी परवानगी कोणालाच आठवत नाही.

कामाच्या दिवशी

तुम्ही स्वतः हजर राहा. केबलवरची छपाई वाचा आणि तिचा फोटो घ्या. गच्चीवर डक्टच्या तोंडाशी केबल आधी थोडी खाली झोकून मग वर वळवून आत घ्यायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोकाच्या टोकावरून गळून जातं. सरळ आत घेतली तर पाणी केबलवरून वाहत डक्टमध्ये उतरतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात तुमचं नाव निघतं. दारावरच्या भोकाला बाहेरच्या बाजूने किंचित उतार द्या.

डक्टमध्ये केबल स्वतःच्या क्लिपांवर राहायला हवी. घाईत टेक्निशियन ती इंटरकॉमच्या तारेला प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधतो. त्याने दोन गोष्टी बिघडतात: पुढे इंटरकॉमवाला आपली तार ओढतो तेव्हा तुमचीही ओढली जाते, आणि पट्टीच्या दाबाखाली तंतू वाकून प्रकाश गळतो. पट्टी सैल हवी, आणि वळणं चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नकोत.

काम झाल्यावर प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरने दोन ठिकाणी रीडिंग घ्यायला लावा, गच्चीवरच्या पेटीत आणि घरातल्या टोकाला. दोन्ही आकडे लिहून ठेवा. आकडा जितका जास्त उणे, तितका प्रकाश कमी. समजा पेटीत उणे १९ डीबीएम आलं आणि घरात उणे १९.६. हे ठीक आहे. ३८ मीटर काचेत होणारी घट नगण्य असते, डीबीच्या शंभराव्या भागाच्या आसपास, त्यामुळे जो फरक दिसतो तो जोडांचा असतो. पण घरात उणे २३ आलं तर ४ डीबी वाटेत कुठेतरी गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश. नेट त्या दिवशी चालेलही, कारण सर्वसाधारण फायबर मोडेम उणे २७ पर्यंत तग धरतो. पण दोष वाटेतच आहे आणि तो तेव्हाच शोधायला हवा. टेक्निशियनकडे लाल प्रकाशाचा पेन असतो. तो एका टोकाला लावून डक्टची दारं उघडून पाहिलं, तर केबल जिथे दुमडली आहे तिथे आवरणातून लाल ठिपका दिसू शकतो. गडद आवरणातून मात्र तो दिसत नाही, तेव्हा प्रत्येक वळण आणि पट्टी हाताने तपासावी लागते.

पुढे कधी मोडेमवर एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाश अजिबात पोहोचत नाहीये. आधी चौकशी करा की त्या दिवशी डक्टमध्ये कोणी काम केलं का. मग कंपनीकडे तक्रार करताना लिहून ठेवलेले दोन्ही आकडे सांगा. पेटीत पूर्वीइतकंच रीडिंग असेल तर दोष इमारतीतल्या तुमच्या केबलमध्ये आहे, आणि पेटीतच कमी असेल तर डक्टमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

शेवटी लेबल. गच्चीवरच्या टोकाला, डक्टच्या प्रत्येक दाराशी आणि आपल्या दारावर केबलला ‘बी-५०३, कंपनीचं नाव, महिना-वर्ष’ असं टिकाऊ लेबल लावा. सोसायटीने बंद केबल काढायची मोहीम घेतली की ज्या तारेवर नाव नसतं तीच आधी कापली जाते. काम झाल्याच्या आठवड्यात सचिवांना चार ओळींचं पत्र द्या: काम अमुक तारखेला झालं, मार्ग अर्जाप्रमाणेच आहे, सील बंद केले, फोटो सोबत. मार्ग बदलावा लागला असेल तर नवी आकृती जोडा. आणि कनेक्शन बंद कराल तेव्हा कंपनी फक्त मोडेम घेऊन जाते, केबल डक्टमध्येच सोडते. मोडेम परत करण्याआधीच केबल काढायला माणूस पाठवण्याची मागणी कंपनीकडे लेखी नोंदवा, आणि तो आला की लेबल पाहूनच तुमची केबल काढून घ्या.